मुलाला औषध नाही, सासूबाईंना मात्र लगेच स्टिरॉइड: आयटीपीत असा फरक का?

प्रश्न: आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. माझ्या पाच वर्षांच्या मुलाच्या अंगावर अचानक लाल-निळे डाग आले. तपासणीत प्लेटलेट फक्त ९ हजार निघाल्या. आयटीपी आहे म्हणाले, पण औषध काहीच दिलं नाही, लक्ष ठेवा म्हणून घरी पाठवलं. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना हाच आजार झाला, तेव्हा २२ हजार होत्या तरी लगेच स्टिरॉइड सुरू केलं होतं. आता त्या एल्ट्रोम्बोपॅगच्या गोळीवर आहेत. मुलाकडे दुर्लक्ष होतंय का? त्याला आयव्हीआयजी किंवा सासूबाईंचीच गोळी मिळावी म्हणून आम्ही मागणी करावी का?

उत्तर:

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून हे दुर्लक्ष वाटत नाही. मुलाला फक्त कातडीवर डाग असतील, नाका-तोंडातून रक्त येत नसेल, ताप नसेल आणि तो नेहमीसारखा खेळत-खात असेल, तर ९ हजारांवरही औषध न देणं हाच आज मान्य असलेला मार्ग आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ हेमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या सूचनाही लहान मुलांबाबत हेच सांगतात. आणि आधीच एक स्पष्ट सांगते, सासूबाईंच्या पाकिटातली गोळी मुलाला अजिबात देऊ नका. का ते पुढे येईलच.

दोघांच्या आजाराचं नाव एकच असलं तरी त्याची चाल वेगळी असते. आयटीपीत शरीर स्वतःच्याच प्लेटलेटविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. अँटिबॉडी चिकटलेल्या प्लेटलेट मुख्यतः पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, नष्ट होतात. त्याच अँटिबॉडीमुळे हाडांच्या मगजात नव्या प्लेटलेट तयार होण्याचं कामही मंदावतं. लहान मुलांत हे बहुतेक वेळा सर्दी-खोकल्यासारख्या एखाद्या व्हायरल आजारानंतर एक ते तीन आठवड्यांनी सुरू होतं. संसर्गाशी लढताना उठलेली ती प्रतिक्रिया पुढे आपोआप शमते, म्हणून दहापैकी जवळपास आठ मुलं सहा महिने ते वर्षभरात बरी होतात, औषध दिलं तरी आणि नाही दिलं तरी. मोठ्या माणसांत हा आजार हळूच सुरू होतो आणि बहुतेकांत टिकून राहतो. स्टिरॉइडने प्लेटलेट वाढतात, पण औषध थांबलं की अनेकांच्या पुन्हा उतरतात.

म्हणून मुलाच्या बाबतीत डॉक्टर स्वतःला विचारतात की आपोआप बरं होईपर्यंतचा काळ तो सुरक्षित काढू शकेल का. सासूबाईंच्या बाबतीत प्रश्न असतो की बराच काळ चालणारा हा आजार कमीत कमी त्रासाच्या औषधावर कसा सांभाळायचा. दोन्ही निर्णयांत रक्तस्राव किती होतोय याला आकड्यापेक्षा जास्त वजन असतं. मोठ्यांत मात्र वय, रक्तदाब, हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिनची गोळी हेही मोजावं लागतं, कारण या गोष्टींमुळे त्याच आकड्याला गंभीर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेंदूत रक्तस्राव होणं ही या आजारातली सर्वात मोठी भीती. मुलांत ते हजारात काही मोजक्यांना होतं, मोठ्यांत त्याहून जास्त, आणि साठी ओलांडलेल्यांत आणखी जास्त. मोठ्या माणसाच्या प्लेटलेट ३० हजारांच्या खाली असतील तर साधारणपणे स्टिरॉइड सुरू करतात. सासूबाईंचे २२ हजार त्या रेषेखालीच होते.

औषध न देण्याआधी निदान मात्र पक्कं हवं, आणि आपल्या भागात याला जास्त महत्त्व आहे. पावसाळ्यात डेंगूनेही प्लेटलेट उतरतात, पण तेव्हा ताप असतो किंवा नुकताच गेलेला असतो, आणि साधारण आठ-दहा दिवसांत आकडा स्वतःहून वर येतो. गडचिरोलीकडे मलेरिया पाहावाच लागतो. आयटीपीत पाणथरी हाताला लागत नाही. ती लागत असेल तर मलेरिया, सिकलसेल किंवा रक्ताचा दुसरा आजार आहे का ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. तुमच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी ठीक आहेत का ते पाहा. फक्त प्लेटलेटच कमी असणं ही आयटीपीची खूण आहे. मूल फिकट दिसत असेल, रात्री पाय दुखतात म्हणून रडत असेल, मानेत गाठी असतील किंवा बरेच दिवस ताप असेल, तर आधी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, नाही याची खात्री करावी लागते.

आणखी एक विचारा: रक्ताची काच, म्हणजे स्मिअर, पॅथॉलॉजिस्टने डोळ्यांनी पाहिली का? काही जणांच्या प्लेटलेट तपासणीच्या नळीतल्या रसायनामुळे एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या कमी मोजतं. अशा माणसाच्या अंगावर एकही डाग नसतो. तुमच्या मुलाला डाग आहेत, त्यामुळे त्याच्याबाबत ही शंका कमी. पण ल्युकेमियाच्या पेशीही त्याच काचेवर दिसतात, म्हणून ती काच कुणीतरी पाहिलेली असावी.

आता तुमच्यासारख्या खेड्यात राहणाऱ्यांसाठी सर्वात महत्त्वाचा मुद्दा. लक्ष ठेवा हा सल्ला शहरातल्या घराला आणि वावरातल्या घराला सारखा लागू होत नाही. मघाशी म्हटलेल्या त्याच सूचनांत लिहिलं आहे की मूल दवाखान्यापासून लांब राहत असेल, पुन्हा दाखवायला येण्याची खात्री नसेल किंवा निदानाबद्दल शंका असेल, तर त्याला भरती करून ठेवणं योग्य ठरू शकतं. हे का, ते एका उदाहरणावरून सांगते.

भामरागड तालुक्यातलं चार वर्षांचं मूल, वजन १४ किलो, ऐन जुलैत आमच्याकडे आलं होतं. प्लेटलेट ११ हजार, हिमोग्लोबिन ११.२, पांढऱ्या पेशी ठीक. मलेरियाची तपासणी निगेटिव्ह, पाणथरी लागत नव्हती, स्मिअरवर आयटीपीला शोभेल असंच चित्र. अंगावर डाग होते, रक्तस्राव कुठेच नव्हता. हेच मूल नागपुरात राहणारं असतं तर मी घरी पाठवलं असतं. पण पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि तो कधी उघडेल ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून औषध न देता त्याला भरती करून घेतलं. तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त सुरू झालं, नाक दाबून धरूनही पंचवीस मिनिटं थांबलं नाही, आणि गालाच्या आत दोन रक्ताचे फोड दिसले. आता चित्र बदललं होतं. कातडीवरचे डाग आणि तोंडातले फोड यांचा अर्थ एक नाही. नाक, तोंड, लघवी, शौच यांतून होणारा रक्तस्राव मोठ्या रक्तस्रावाची आधी मिळणारी सूचना असू शकतो.

त्याला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू केलं. मुलांत ही मात्रा किलोमागे २ ते ४ मिलिग्रॅम असते आणि ती ५ ते ७ दिवसच देतात. त्याला दिवसाला ५५ मिलिग्रॅम दोन वेळांत विभागून पाच दिवस दिलं आणि थांबवलं. इतक्या कमी दिवसांच्या कोर्समध्ये मात्रा हळूहळू उतरवत न्यावी लागत नाही. दुसऱ्या दिवशीच नाकाचं रक्त थांबलं, चौथ्या दिवशी प्लेटलेट ४६ हजार झाल्या. रस्ता उघडल्यावर तो घरी गेला. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासल्या तेव्हा १७ हजार. घरचे घाबरून आले, औषधाने काम केलं नाही, दुसरं द्या म्हणाले. मी पुन्हा काही दिलं नाही, कारण त्याला आता फक्त डाग होते आणि तोवर रस्ता सुरू होता. स्टिरॉइड त्याला बरं करण्यासाठी दिलंच नव्हतं. रक्तस्राव थांबवून ते पाच-सात दिवस पार पाडण्यासाठी दिलं होतं, आणि तेवढं काम त्याने केलं. चौथ्या महिन्यात त्याच्या प्लेटलेट १ लाख ८० हजार झाल्या, पुढेही तशाच राहिल्या.

इथे अनेक घरं आणि काही दवाखानेही चुकतात. स्टिरॉइड थांबवल्यावर आकडा उतरला की पुन्हा स्टिरॉइड, मग पुन्हा, असं करत मूल महिनोन्‌महिने त्या गोळीवर राहतं. चेहरा सुजतो, भूक आवरत नाही, चिडचिड वाढते, उंची खुंटते, कांजिण्या झाल्या तर त्या जोरात होतात. आणि इतकं सोसूनही आजार लवकर संपत नाही. मुलांत स्टिरॉइडने आकडा काही दिवस वर जातो, आजाराची मुदत बदलत नाही. आणखी एक धोका असा की ल्युकेमिया ओळखायचा राहून गेला असेल तर स्टिरॉइड तो काही काळ झाकतं आणि पुढची तपासणी अवघड करतं. म्हणून स्टिरॉइडचा पहिला डोस देण्याआधी स्मिअर पाहिलेली असावी.

आयव्हीआयजीबद्दल तुम्ही विचारलंत. हे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळं केलेलं इम्युनोग्लोब्युलिन असतं. ते शिरेतून दिलं की प्लेटलेट नष्ट करणाऱ्या पेशी काही काळ अडवल्या जातात आणि एक-दोन दिवसांत आकडा वर येतो. स्टिरॉइडपेक्षा ते लवकर काम करतं. पण परिणाम दोन ते चार आठवडेच टिकतो. २०१८ साली नेदरलँड्समधल्या दोनशेहून जास्त मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नुकतंच निदान झालेल्या मुलांपैकी निम्म्यांना आयव्हीआयजी दिलं आणि निम्म्यांवर फक्त लक्ष ठेवलं. आयव्हीआयजी दिल्याने आजार जुनाट होण्याचं प्रमाण लक्षणीय कमी झालं नाही. सुरुवातीच्या काळात मोठा रक्तस्राव मात्र कमी मुलांना झाला. याचा अर्थ असा की ते तातडीच्या वेळी द्यायचं औषध आहे, रोजच्या आकड्यासाठी नाही.

खर्चाचा हिशोब असा. मुलांना किलोमागे सुमारे १ ग्रॅम देतात. तुमचा मुलगा १६ किलोचा धरला तर १६ ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या साधारण तीन बाटल्या. ५५ किलोच्या बाईला तेच ५५ ग्रॅम, म्हणजे अकरा बाटल्या, आणि कधी कधी दुसऱ्या दिवशी परत तेवढ्याच. मोठ्यांत हे औषध सहज सुचवत नाहीत याचं हेही एक कारण आहे. दुसरं कारण म्हणजे त्यांना पुढेही लागणाऱ्या उपचारात त्याचा उपयोग थोड्या दिवसांपुरताच असतो. वयस्कर माणसांत किडनीवर ताण येणं आणि रक्ताची गुठळी होणं हेही धोके असतात.

मग मी आयव्हीआयजी कधी देते? मूल डोक्यावर पडलंय, रक्तस्राव थांबत नाही, तातडीचं ऑपरेशन करायचंय, किंवा स्टिरॉइड देणं सुरक्षित नाही, जसं की टीबीची शंका आहे किंवा ल्युकेमियाबद्दल खात्री झालेली नाही. आयव्हीआयजीमुळे ल्युकेमिया झाकला जात नाही. बाटली हळूहळू, काही तास चढवावी लागते. चढवल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी काही मुलांचं डोकं खूप दुखतं, उलट्या होतात. बहुतेक वेळा तो औषधाचाच परिणाम असतो आणि उतरतो. पण ९ हजारांवरच्या मुलाचं डोकं दुखतंय म्हटल्यावर मेंदूत रक्तस्राव नाही ना म्हणून सीटी स्कॅन करावाच लागतो. म्हणून जिथे सीटीची सोय नाही तिथे आकड्याला घाबरून बाटली लावणं मला पटत नाही.

बाहेरून प्लेटलेट चढवण्याबद्दलही लोक विचारतात, कारण डेंगूत त्या चढवल्याचं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आयटीपीत चढवलेल्या प्लेटलेटवरही तीच अँटिबॉडी बसते आणि त्या लवकर नष्ट होतात. म्हणून नुसत्या आकड्यासाठी चढवत नाहीत. जीवावर बेतलेला रक्तस्राव असेल तेव्हा मात्र मोठ्या मात्रेचं मिथाइलप्रेडनिसोलोन, आयव्हीआयजी आणि प्लेटलेट हे तिन्ही एकाच वेळी देतात, एकाचा परिणाम दिसेपर्यंत दुसऱ्यासाठी थांबत नाहीत. पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध यांवर भिस्त ठेवू नका. अँटिबॉडीला त्यांनी काही फरक पडत नाही, आणि कडू रसाने उलट्या सुरू झाल्या तर लक्षणंच गोंधळात टाकतात.

आता सासूबाईंकडे. मोठ्यांत स्टिरॉइड दोन पद्धतींनी देतात. एक, डेक्सामेथासोन दिवसाला ४० मिलिग्रॅम, फक्त चार दिवस. दोन, प्रेडनिसोलोन किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम, दोन-तीन आठवडे, मग उतरवत नेऊन सगळं मिळून सहा आठवड्यांत बंद. डेक्सामेथासोनने पहिल्या आठवड्यात आकडा लवकर वाढतो, पण लांबच्या निकालात दोन्हींत फार फरक नाही. सुरू करण्याआधी साखर, रक्तदाब, छातीचा एक्सरे आणि हिपॅटायटिस बी पाहावा, कारण आपल्याकडे दबलेला टीबी स्टिरॉइडने डोकं वर काढतो. सहा आठवड्यांची मर्यादा मी आग्रहाने सांगते. मात्रा कमी केली की आकडा ३० हजारांखाली जातो आणि वाढवली की वर येतो, असं दोनदा झालं तर हे औषध या माणसाला पुरणार नाही हे मानावं आणि पुढच्या औषधाचा विचार करावा. ते न मानता पाच-सहा महिने प्रेडनिसोलोन ओढत राहिलेले रुग्ण माझ्याकडे येतात, तेव्हा साखर वाढलेली असते, मांड्या अशक्त झालेल्या असतात, पाठीचा मणका दबलेला असतो, आणि प्लेटलेट वीस हजारांच्या आसपासच असतात.

पुढच्या औषधांतलं एक म्हणजे सासूबाईंची एल्ट्रोम्बोपॅग. प्लेटलेट तयार करायला सांगणारं थ्रोम्बोपोएटिन नावाचं द्रव्य शरीरात असतं. ही गोळी त्याच्याच रिसेप्टरला चालना देते. अँटिबॉडी तशीच राहते, पण मगज जास्त प्लेटलेट बनवायला लागतो. परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे आज रक्तस्राव होत असेल तर ही गोळी आजचं काम करत नाही. मोठ्यांना साधारण ५० मिलिग्रॅमने सुरू करतात, जास्तीत जास्त ७५. आकडा ५० हजारांच्या वर राहिला म्हणजे झालं, तो दीड लाखांवर नेण्याचा हट्ट नको. दोन लाखांवर गेला तर मात्रा कमी करतात, चार लाखांवर गेला तर थांबवतात, कारण मग गुठळीचा धोका वाढतो. एका पायाला सूज येऊन तो दुखू लागला किंवा अचानक दम लागला तर तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये. यकृताच्या तपासण्याही ठरावीक अंतराने करायच्याच.

गावात ही गोळी फसते ती खाण्याच्या वेळेमुळे. कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम यांना ती चिकटते आणि पोटातून रक्तात जातच नाही. म्हणून दूध, दही, ताक, कॅल्शियमच्या गोळ्या, आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्या, ॲसिडिटीचं पातळ औषध, या सगळ्यांच्या २ तास आधी किंवा ४ तासांनंतरच ती घ्यायची. पहाटे दुधाचा चहा घेऊन त्यावर गोळी टाकली तर महागाची गोळी वाया जाते. मग गुण येत नाही म्हणून डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि माणूस पुढे कधी चहा सोडतो तेव्हा आकडा एकदम चढतो. माझ्याकडे बहुतेकांना जमतं ते असं: संध्याकाळी पाच-साडेपाचला चहा, रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकर, वरण, भाजी, पण दही-ताक-कढी नाही, आणि दहाच्या सुमारास गोळी. पुढचे दोन तास झोपेतच जातात. तंबाखूच्या खऱ्यात चुना असतो आणि चुना म्हणजे कॅल्शियमच, म्हणून त्यालाही मी हाच नियम लावते. खरं तर तो सोडाच म्हणून सांगते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट, ही गोळी एकदम बंद करायची नाही. अचानक थांबवली तर काहींच्या प्लेटलेट सुरुवातीपेक्षाही खाली जातात. वेचणीच्या दिवसांत तालुक्याला जायला जमलं नाही, पाकीट संपलं, आठ दिवसांनी घेऊ म्हटलं, असं करू नका. पाकीट संपायच्या दहा दिवस आधीच पुढचं आणून ठेवा. ज्यांना खाण्याच्या वेळा पाळणं जमत नाही त्यांच्यासाठी रोमिप्लोस्टिम हे आठवड्यातून एकदा कातडीखाली द्यायचं इंजेक्शन आहे. त्याला दुधाचं बंधन नाही, पण दर आठवड्याला कुठेतरी जाऊन आकडा तपासून मात्रा ठरवावी लागते. गावाजवळ ती सोय असेल तर ते चांगलं. रिटुक्सिमॅब नावाचं औषध आणि पाणथरी काढण्याचं ऑपरेशन हेही पर्याय आहेत. ऑपरेशन वर्षभराच्या आत करत नाहीत, आणि आधी न्यूमोकॉकस वगैरेंच्या लसी घ्याव्या लागतात. पाणथरी नसलेल्या माणसाला साधा वाटणारा तापही घातक ठरू शकतो, म्हणून मलेरियाच्या पट्ट्यात मी ते शेवटी सुचवते.

मग मुलाला हीच गोळी का नाही? थ्रोम्बोपोएटिन रिसेप्टरची औषधं मुलांनाही देतात. एल्ट्रोम्बोपॅग वर्षापुढच्या मुलांसाठी मान्य आहे, आणि १ ते ५ वर्षांत मात्रा २५ मिलिग्रॅमने सुरू होते. सासूबाईंची ५० ची गोळी म्हणजे त्याच्यासाठी सुरुवातीलाच दुप्पट. पण त्याहून मोठं कारण असं की नुकत्याच झालेल्या आजारात ती सहसा दिली जात नाही. तीन महिने उलटूनही मुलाला नाका-तोंडातून वारंवार रक्त येत असेल, पहिल्या औषधांनी भागत नसेल, शाळा-खेळ सगळं बंद पडलं असेल, तेव्हा तिचा विचार करतात. आपोआप बरं होणाऱ्या मुलाला ती आज सुरू केली, तर पुढे आकडा वाढला तो गोळीने की निसर्गाने हे कळत नाही, आणि तपासण्यांसाठी चकरा मात्र मागे लागतात. वाढत्या वयाच्या मुलाच्या शरीरातलं लोहही ती कमी करू शकते.

तुम्ही आता काय करायचं ते सांगते. मुलाला ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड यांतलं काहीही देऊ नका. हिरव्या-लाल पाकिटातल्या मिश्र गोळ्यांतही ही औषधं असतात, म्हणून दुकानात नाव वाचून घ्या. गावच्या दवाखान्यात कुल्ल्यावर सुई लावून घेऊ नका, स्नायूत रक्ताची गाठ होते. आजार आहे हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा. सायकल, झाडावर चढणं, बैलबंडीवर उभं राहणं सध्या थांबवा. घरातलं चालणं-खेळणं आणि अभ्यास चालू राहू द्या.

रोज सकाळी उजेडात त्याचं तोंड उघडून गालाच्या आतली बाजू, हिरड्या आणि टाळू बघा. तिथे काळसर लाल फोड दिसले, नाकाचं रक्त दाबून धरूनही पंधरा-वीस मिनिटांत थांबलं नाही, लघवी लाल झाली किंवा शौच काळी-चिकट झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. डोकं खूप दुखणं, वारंवार उलट्या, गुंगी, झटका, किंवा डोक्याला मार लागणं, यांपैकी काही झालं तर आधी प्राथमिक केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय असं पायरी-पायरीने जाऊ नका. सीटी स्कॅन आणि रक्तपेढी दोन्ही जिथे आहे तिथेच थेट निघा. तुमच्याकडून ते यवतमाळ, सेवाग्राम किंवा नागपूर असू शकतं. कोणतं जवळ, रात्री गाडी कुणाची मिळेल, ओढ्याला पाणी असेल तर कोणत्या रस्त्याने, हे आजच ठरवून ठेवा. यातलं काही ठरवता येत नसेल, घर रस्त्यापासून आत असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा आणि काही दिवस भरती करता येईल का ते विचारा. तुमची मागणी करायचीच असेल तर ती औषधापेक्षा याची करा.

प्लेटलेट रोज तपासू नका. पहिल्या महिन्यात आठवड्याला एकदा पुरतं, पुढे अंतर वाढवता येतं. प्रत्येक रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशींचे आकडेही वाचा. ते पहिल्यांदा ठीक होते आणि नंतर उतरू लागले, तर निदान पुन्हा तपासावं लागतं, आणि तेव्हा हाडांच्या मगजाची तपासणी करायला नाही म्हणू नका. तीन महिन्यांनीही प्लेटलेट कमीच असतील तर मुलाला एकदा रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा. तेव्हाही त्याला फक्त डागच येत असतील, तर ते पुन्हा औषधाशिवायच थांबायला सांगण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्यात वावगं काही नाही.